गेटवे नाही असं विंडोज म्हणालं, तर राऊटरच्या भोकात टाचणी घालू नका

नेट बंद असल्याचे जे फोन आम्हाला येतात, त्यांतले बरेच एकाच वाक्याने सुरू होतात: "भाऊ, गेटवे नाही म्हणते." नेटच्या चिन्हावर राइट क्लिक करून विंडोजला बिघाड शोधायला लावलं की शेवटी ही ओळ येते:

```
The default gateway is not available
```

ती वाचून कुणी नेट कंपनीला फोन लावतं, तर कुणी राऊटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रिसेट मारतं. पहिल्याने नुसता वेळ जातो. दुसऱ्याने जे चालू होतं तेही बंद पडतं. हे पत्रक मुख्यतः त्या टाचणीसाठी आहे.

गेटवे म्हणजे तुमचा राऊटरच. कॉम्प्युटरला बाहेर जायचं असलं की राऊटरच्या दारातून जावं लागतं, आणि त्या दाराचा पत्ता कॉम्प्युटरकडे लिहिलेला असतो. मेसेजचा अर्थ एवढाच, की त्या पत्त्यावर हाक मारली आणि ओ आली नाही. म्हणजे बिघाड कॉम्प्युटर आणि राऊटर यांच्या मधल्या दहा-पंधरा फुटांत आहे. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तर तुमचा राऊटर ओ देतोच. तेव्हा फायबरच्या डब्यावर LOS चा लाल दिवा लागतो आणि हा मेसेज सहसा येत नाही. त्यामुळे हा मेसेज दिसला की नेट कंपनीला आधी फोन करण्यात अर्थ नाही.

आधी मोबाइल घ्या, त्याचा डेटा बंद करा आणि त्याच वायफायवर काहीतरी उघडून पाहा. मोबाइलवर चालत असेल तर राऊटर चांगला आहे, दोष कॉम्प्युटरमध्ये आहे. मोबाइलवरही चालत नसेल तर राऊटर स्विचवरून बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि चालू करा. मे महिन्यात खिडकीपाशी किंवा टिनाच्या शेडखाली ठेवलेला राऊटर तापून असा अडकतो. त्याला सावलीची, हवेची जागा द्या, आणि कूलरच्या मागे तर ठेवूच नका. लोखंडी पत्रा आणि टाकीतलं पाणी दोन्ही वायफाय अडवतात.

मोबाइल चालतो आणि लॅपटॉपच रुसतो, असं असेल तर कारण बहुतेक वेळा वीज वाचवण्याचं असतं. लॅपटॉप थोडा वेळ रिकामा राहिला की विंडोज वायफायचं कार्ड झोपवतं आणि काही कार्डं नीट जागी होत नाहीत. ओळखायची खूण अशी की विंडोजने स्वतःच "दुरुस्त केलं" म्हटलं की नेट येतं आणि तासा-दोन तासांनी पुन्हा जातं. त्या दुरुस्तीत कार्ड फक्त बंद करून चालू केलेलं असतं. Device Manager उघडा, Network adapters मध्ये वायफायच्या नावावर राइट क्लिक करून Properties घ्या आणि Power Management मध्ये ही टिक काढा:

```
Allow the computer to turn off this device to save power
```

ड्रायव्हर नव्याने बसला की ही टिक कधीकधी परत येते, म्हणून महिन्याभराने त्रास पुन्हा सुरू झाला तर आधी तिथेच बघा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हे पान दिसतच नाही. तसा असेल तर दुकानात आणा, बहुतेक वेळा ड्रायव्हर बदलून काम होतं.

आता टाचणीबद्दल. गांधीबागेत आमच्या एका ग्राहकाचं कापडाचं दुकान आहे. दुपारी गर्दी ओसरल्यावर मालकांच्या लॅपटॉपवर हा मेसेज आला. बिलाचा कॉम्प्युटर तारेवर होता आणि तो छान चालला होता. तरी पुतण्याने राऊटरला टाचणी घातली आणि दिवे विझेपर्यंत दाबून धरली. रिसेट म्हणजे बंद-चालू नव्हे. त्यात नेटचं लॉगिन, वायफायचं नाव आणि पासवर्ड पुसले जातात आणि राऊटरचा स्वतःचा पत्ताही कारखान्यातला होतो. आम्ही तिथे तो 192.168.10.1 ठेवला होता, तो झाला 192.168.1.1. बिलाच्या कॉम्प्युटरला आणि प्रिंटरला मात्र जुनाच पत्ता पाठ होता. आतापर्यंत चांगल्या असलेल्या त्या कॉम्प्युटरवरही तोच मेसेज आला. आम्ही तिथे बसून हे चालवलं:

```
ping 192.168.10.1
```

उत्तर आलं:

```
Reply from 192.168.10.20: Destination host unreachable.
```

इथे बरेच जण फसतात. Reply दिसतं, खाली 0% loss सुद्धा लिहून येतं, म्हणून वाटतं सगळं ठीक आहे. पण 192.168.10.20 हा त्या कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता आहे. राऊटर सापडला नाही, हे तो स्वतःच स्वतःला सांगतो आहे. ओ राऊटरच्या पत्त्यावरून आली तरच ती खरी.

आमच्याकडे त्या राऊटरच्या सेटिंगची फाइल ठेवलेली होती. लॅपटॉप तारेने राऊटरला जोडून ती फाइल चढवली, राऊटर चालू-बंद झाला आणि बिलं निघू लागली. मग मालकांच्या लॅपटॉपमधली ती एक टिक काढली. मूळ दुखणं तेवढंच होतं. फाइल नसती, तर लॉगिनसाठी नेट कंपनीच्या उत्तराची वाट पाहत संध्याकाळची गिऱ्हाइकी हाताने बिलं फाडून करावी लागली असती.

"तुम्ही पत्ते पक्के करता म्हणूनच असं होतं ना?" असं काही ग्राहक विचारतात. पत्ते आपोआप मिळू दिले, तर लाइट जाऊन आल्यावर प्रिंटरला कधीकधी दुसराच पत्ता मिळतो आणि बिल निघेनासं होतं. दुकानात तो त्रास जास्त मोठा आहे, म्हणून आम्ही पत्ते पक्केच करतो. आणि म्हणूनच आम्ही बसवलेल्या प्रत्येक राऊटरच्या पोटाखाली त्याचा पत्ता लिहिलेलं स्टिकर असतं आणि सेटिंगची फाइल आमच्याकडे असते. दुसऱ्याने बसवलेल्या राऊटरचीही फाइल आम्ही काढून ठेवतो. वर्षाच्या करारात ते धरलेलं आहे. रिसेटनंतर यावं लागलं तर करार नसलेल्यांकडून फेरीचे पैसे घेतो, कारण सगळं पहिल्यापासून बसवण्यात अर्धा दिवस जातो.

फोन करण्याआधी एक करा. स्टार्टमध्ये cmd लिहून काळी खिडकी उघडा आणि हे टाका:

```
ipconfig
```

त्यात Default Gateway समोर काय लिहिलंय ते बघा. जागा रिकामी असेल आणि वरचा पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर राऊटरने कॉम्प्युटरला पत्ताच दिलेला नाही. तार निघाली आहे का, ती दोन्ही टोकांना टक् आवाज येईपर्यंत बसली आहे का, हे तपासा. पत्ता लिहिलेला असेल तर तो स्टिकरवरच्या पत्त्याशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे निघाले तर राऊटर रिसेट झालेला किंवा बदललेला आहे. एकदा नेट कंपनीच्या माणसाने न विचारता डबा बदलून दिला होता, तेव्हाही हेच दिसलं.

त्या खिडकीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि मोबाइलवर नेट चालतं की नाही ते लिहा. एवढ्यावर आम्हाला बहुतेक वेळा फोनवरच सांगता येतं आणि तुमची फेरी वाचते. टाचणी घालून झाली असेल तर तेही सांगून टाका, म्हणजे निघतानाच तुमची फाइल सोबत घेतो.