ॲक्सेस मॅट्रिक्स: काप आधी, तक्ता नंतर

ऑपरेटिंग सिस्टिम शिकताना ॲक्सेस मॅट्रिक्स आधी येते, आणि ॲक्सेस कंट्रोल लिस्ट (एसीएल) व कॅपॅबिलिटी लिस्ट मागाहून, तिचेच दोन काप म्हणून. शिकवायला हा क्रम सोयीचा असला तरी घडलं उलट. 1965 साली एमआयटीतल्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल सिस्टिमचा आराखडा जाहीर झाला, त्यातच फाइलला जोडलेली एसीएल होती. पुढच्या वर्षी, 1966 मध्ये, एमआयटीतल्याच जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी प्रोसेससोबत राहणाऱ्या कॅपॅबिलिटींची, म्हणजे एखादी वस्तू वापरायचा हक्क देणाऱ्या खुणांची, यादी मांडली. बटलर लॅम्पसन यांचा मॅट्रिक्सचा लेख आला 1971 मध्ये. तोवर बर्कलेच्या सीएएल टाइमशेअरिंग सिस्टिमवर काम करून कॅपॅबिलिटींचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. म्हणजे मॅट्रिक्स ही आधीच चालू असलेल्या दोन पद्धतींची तुलना करता यावी म्हणून सापडलेली सामाईक मांडणी आहे.

मांडणी साधी आहे. प्रत्येक डोमेनला, म्हणजे ज्याच्या नावे प्रोग्रॅम चालतो त्याला, एक ओळ. प्रत्येक वस्तूला, म्हणजे फाइल, डिव्हाइस किंवा दुसरी प्रोसेस यांना, एक स्तंभ. आणि दोन्ही छेदतात त्या रकान्यात हक्क: वाचणे, लिहिणे, चालवणे. डोमेन स्वतःही वस्तू असू शकतं, त्यामुळे एका डोमेनला दुसऱ्यावर काय करता येईल हेही याच तक्त्यात बसतं.

हा तक्ता जसाच्या तसा साठवायचा म्हटला तर काय होईल? समजा 1,000 वापरकर्ते आणि 10 लाख फाइली आहेत. रकाने झाले 100 कोटी. एका फाइलवर सरासरी 3 जणांना हक्क असेल तर भरलेले रकाने फक्त 30 लाख, म्हणजे 0.3 टक्के. म्हणून रिकामे रकाने टाकून द्यायचे. उरलेले स्तंभानुसार गोळा करून वस्तूपाशी ठेवले की एसीएल, ओळीनुसार गोळा करून डोमेनपाशी ठेवले की कॅपॅबिलिटी लिस्ट.

इथवर दोन्ही काप सारखेच दिसतात, कारण दोन्हींत माहिती तीच आहे. ‘दोन्ही समतुल्य आहेत’ असं म्हणून अनेक जण इथेच थांबतात, आणि माझ्या मते सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. समतुल्यता खरी आहे ती तक्त्याच्या एका क्षणाच्या चित्रापुरती. हक्क कधी तपासला जातो, तो दुसऱ्याकडे कसा जातो आणि परत कसा घ्यायचा, या प्रश्नांवर दोन्हींच्या वाटा वेगळ्या होतात.

युनिक्समध्ये दोन्ही काप एकत्र नांदतात, त्यामुळे फरक डोळ्यांनी पाहता येतो. फाइलवरचे नऊ परवानगी बिट म्हणजे आखूड केलेली एसीएल: मालक, गट आणि बाकीचे, प्रत्येकाला तीन बिट. `open` बोलावलं की कर्नल हे बिट तपासतो आणि फाइल डिस्क्रिप्टर देतो. डिस्क्रिप्टर हा कर्नलमधल्या त्या प्रोसेसच्या तक्त्यातला क्रमांक. दुसऱ्या प्रोसेसने तोच आकडा नुसता लिहून उपयोग नाही, कारण तिचा तक्ता वेगळा. म्हणजे ही बनावट करता न येणारी कॅपॅबिलिटीच झाली. साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून (रूट असाल तर बिट आडवेच येत नाहीत) हे करून पाहा:

```
echo गुप्त > f.txt
exec 3< f.txt
chmod 000 f.txt
cat f.txt
cat <&3
```

चौथ्या ओळीला `Permission denied` येतं, पाचवी ओळ मजकूर दाखवते. स्तंभ पुसला गेला, ओळीतला हक्क मात्र शाबूत राहिला. लिनक्सवर पाचव्या ओळीऐवजी `cat /dev/fd/3` दिलंत तर पुन्हा नकार मिळेल, कारण तिथे फाइल नव्याने उघडली जाते आणि बिट पुन्हा तपासले जातात. म्हणून कुणाचा प्रवेश खरोखर बंद करायचा असेल तर `chmod` पुरत नाही. `lsof f.txt` चालवून फाइल कुठल्या प्रोसेसने उघडून ठेवली आहे ते पाहावं लागतं.

हक्क परत घेणं हा कॅपॅबिलिटीचा जुना कमकुवत दुवा. एसीएलमध्ये एक नोंद खोडली की पुढच्या तपासणीपासून काम झालं. कॅपॅबिलिटीच्या प्रती मात्र कुठे कुठे पोचल्या हे वस्तूला ठाऊक नसतं. डेव्हिड रेडेल यांनी 1974 मध्ये सुचवलेला उपाय असा: थेट वस्तूची कॅपॅबिलिटी देऊ नये, मध्ये एक दुवा ठेवून त्याची द्यावी. दुवा तोडला की त्यातून दिलेल्या सगळ्या प्रती एकदम निकामी होतात. किंमत म्हणजे प्रत्येक वापराला एक जास्तीची पायरी, आणि कुणाकुणाचे हक्क एकत्र काढायचे आहेत हे देतानाच ठरवणं.

एसीएलचा कमकुवत दुवा दिसायला जास्त वेळ लागला. नॉर्म हार्डी यांनी 1988 मध्ये एका फोरट्रान कंपायलरची हकिगत लिहिली. कंपायलरला स्वतःच्या `SYSX` डिरेक्टरीत लिहिण्याचा हक्क होता, कारण वापराची आकडेवारी तिथल्या एका फाइलमध्ये नोंदवायची होती. बिलांची फाइल, `(SYSX)BILL`, त्याच डिरेक्टरीत होती. एका वापरकर्त्याने डीबगची माहिती ठेवायच्या फाइलचं नाव म्हणून नेमकं हेच दिलं. कंपायलरने फाइल उघडायला मागितली, सिस्टिमने कंपायलरचा हक्क तपासला, तो होता, आणि बिलांची माहिती पुसली गेली.

कुठलीही तपासणी चुकलेली नाही, हे यातलं लक्षात घेण्यासारखं. मॅट्रिक्सच्या भाषेत वापरकर्त्याच्या ओळीत `BILL` चा रकाना रिकामा होता, कंपायलरच्या ओळीत भरलेला. वापरकर्त्याने फक्त नाव दिलं, आणि नावासोबत ‘कुणाच्या हक्काने’ हे जात नाही. कॅपॅबिलिटीत हा प्रश्न उगवत नाही: वापरकर्त्याने उघडलेली फाइलच कंपायलरच्या हाती द्यायची, आणि वापरकर्त्याला `BILL` उघडताच आली नसती.

हाच फरक युनिक्सच्या सेटयूआयडी, म्हणजे आपल्या मालकाच्या हक्काने चालणाऱ्या, प्रोग्रॅममध्ये रोज भेटतो. `prog -o x` लिहिलं तर `x` प्रोग्रॅमच्या वाढीव हक्काने उघडली जाते. `prog > x` लिहिलं तर शेल ती तुमच्या हक्काने, प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच उघडतो आणि डिस्क्रिप्टर सोपवतो. पहिल्या प्रकारावर `access` ने आधी तपासून मग `open` करायचा इलाज बरेच जण करतात. तो फसतो, कारण दोन कॉलच्या मधल्या क्षणात `x` च्या जागी दुसऱ्या फाइलकडे नेणारी सिम्बॉलिक लिंक ठेवता येते.

मॅट्रिक्सने आणखी एक प्रश्न विचारता येण्याजोगा केला: दिलेल्या नियमांनी हक्क पुढे देत गेलं तर एखादा हक्क नको त्या रकान्यात कधी पोचेल का? हॅरिसन, रुझो आणि उलमन यांनी 1976 मध्ये दाखवलं की सर्वसाधारण रूपात याचं उत्तर देणारा अल्गोरिदम असूच शकत नाही. नियमांवर बंधनं घातली तरच ते काढता येतं.

ओळीचा काप अलीकडे पुन्हा कामाला आला तो जुन्या सिस्टिमच्या आत. 2012 च्या फ्रीबीएसडी 9 मध्ये कॅप्सिकम आलं, म्हणजे प्रोग्रॅमला त्याच्या डिस्क्रिप्टरपुरतं बांधून ठेवण्याची सोय. प्रोग्रॅमने `cap_enter` बोलावलं की त्याला सबंध फाइल सिस्टिममधून नावाने काही उघडता येत नाही. आधी मिळवलेले डिस्क्रिप्टर, आणि डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर असेल तर `openat` ने तिच्या आतलं तेवढं, एवढीच त्याची ओळ. जुने प्रोग्रॅम यात बहुधा लायब्ररीमुळे अडकतात: टाइमझोनची किंवा भाषेची फाइल पहिल्यांदा लागेल तेव्हा उघडायची त्यांची सवय असते, आणि तोवर दार बंद झालेलं असतं. त्रुटी `ECAPMODE` आली तर कारण बहुधा हेच. अशा फाइली `cap_enter` च्या आधी एकदा उघडवून घ्याव्या लागतात, आणि कुठला कॉल अडतोय ते `ktrace` च्या नोंदीत दिसतं.