कर्जफेडीच्या स्नोबॉल आणि अ‍ॅव्हलांच पद्धती

एकाच वेळी दोन-चार कर्जं डोक्यावर असली की कुठलं आधी संपवायचं हे ठरवायच्या या दोन पद्धती. दोन्हीत सुरुवात एकच, म्हणजे सगळ्या कर्जांचा किमान हप्ता दर महिन्याला चुकवायचा नाही आणि त्यावर जे काही जास्तीचे पैसे उरतील ते सगळे एकाच कर्जावर टाकायचे, ते संपलं की त्याचा हप्ता मोकळा होतो तो पुढच्या कर्जाला जोडायचा. फरक फक्त नंबर लावण्यात आहे. स्नोबॉलमधे ज्याची बाकी सगळ्यात कमी ते आधी, व्याजदर काहीही असो. अ‍ॅव्हलांचमधे ज्याचा व्याजदर सगळ्यात जास्त ते आधी, बाकी कितीही मोठी असो. स्नोबॉल लोकांपर्यंत पोचवला तो मुख्यतः अमेरिकेतल्या डेव्ह रॅमसी या रेडिओवाल्याने, अ‍ॅव्हलांच मात्र साध्या हिशोबातून येतं, व्याज कमीत कमी भरायचं असेल तर महागडं कर्ज आधी मारायचं एवढंच.

हिशोबाने कोण स्वस्त यावर वाद नाहीच, अ‍ॅव्हलांचच स्वस्त. प्रश्न असतो किती स्वस्त, आणि तेवढ्यासाठी माणूस टिकतो का.

एक उदाहरण मांडून बघू. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या मशीन शॉपमधे लेथवर काम करणारा एक जण धरा, घर फुलेवाडीला. त्याच्यावर तीन कर्जं आहेत. गाडीचं (दुचाकी) २४,००० राहिलंय, १२ टक्क्याने, हप्ता २,५००. पतसंस्थेचं ६०,०००, १५ टक्क्याने, हप्ता ३,०००. आणि क्रेडिट कार्डावर ९०,००० थकलेत, तिथं महिन्याला साडेतीन टक्के व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ४.१३ टक्के पडतात. कार्डाला तो किमान म्हणून ४,५०० भरतो असं धरू. तिन्हीचे मिळून १०,००० होतात आणि ओव्हरटाइम वगैरे धरून तो महिन्याला १५,००० काढू शकतो, म्हणजे खेळायला ५,००० आहेत. कार्ड त्याने कपाटात टाकलंय, नवीन खरेदी बंद. (ही अट फार महत्त्वाची आहे, कारण मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, घेतल्या दिवसापासून मीटर चालू, मग कुठलीही पद्धत लावा काही उपयोग नाही.)

अ‍ॅव्हलांच लावला तर ५,००० कार्डावर जातात, कार्डाला महिन्याला ९,५०० मिळतात. कार्ड बाराव्या महिन्यात संपतं, सगळं कर्ज चौदाव्या महिन्यात, आणि एकूण व्याज जातं सुमारे ३५,३००. स्नोबॉल लावला तर गाडी चौथ्या महिन्यात मोकळी, पतसंस्था नवव्या महिन्यात मिटली, कार्ड शेवटी पंधराव्या महिन्यात, आणि व्याज सुमारे ४८,२००. म्हणजे फरक जवळजवळ १२,९०० रुपयांचा आणि वर एक महिना जास्त.

हे पैसे नेमके कुठं जातात ते कार्डाकडं बघितलं की कळतं. पहिल्या महिन्यात ९०,००० वर ३,७१७ व्याज आणि जीएसटी लागतो, माणूस ४,५०० भरतो, म्हणजे मुद्दल कमी होतं फक्त ७८३ रुपयांनी! स्नोबॉलवाला पहिले आठ महिने कार्डाला नुसता किमान हप्ता देत राहतो, तेवढ्यात त्याने ३६,००० भरलेले असतात आणि बाकी असते ८२,७५० च्या आसपास. छत्तीस हजार गेले आणि सात हजार उतरले. इकडं गाडी सुटली, पतसंस्थेचं जवळपास सुटलं म्हणून घरात आनंद असतो पण खरी गळती तशीच चालू असते.

आता दुसरी बाजू. अ‍ॅव्हलांचमधे त्याच माणसाचं पहिलं खातं बंद होतं अकराव्या महिन्यात, तेही गाडीचं, आपल्याच हप्त्याच्या गतीने. दहा महिने तो जास्तीचे पैसे ओततोय आणि महिन्याच्या सुरुवातीला फोनवर तेच तीन मेसेज येतायत. कागदावर कार्ड ९०,००० वरून २०,००० वर आलेलं असतं पण ते बघायला स्टेटमेंट उघडावं लागतं, आणि कर्जात असलेला माणूस स्टेटमेंट उघडत नाही हे ज्याने त्याने आपल्या घरात बघितलेलं असेल. मधेच गणपती येतात, कुणाचं तरी लग्न निघतं, आणि "या महिन्यात राहू दे" म्हणून ५,००० दुसरीकडं जातात. एकदा गेले की पुढच्या महिन्यात पण जातात.

यावर अभ्यास झालेत. डेव्हिड गॅल आणि ब्लेक मॅकशेन यांनी २०१२ साली कर्ज तडजोडीच्या योजनेत आलेल्या लोकांची माहिती तपासली, त्यात दिसलं ते असं की किती रुपये फिटले यापेक्षा एकूण खात्यांपैकी किती खाती बंद झाली यावरून माणूस शेवटपर्यंत जाईल का हे जास्त कळत होतं. त्याच्या आदल्या वर्षी, २०११ मधे, दुसऱ्या एका गटाने लोकांना प्रयोगात खोटी कर्जं देऊन फेडायला लावली, तर महागडं कर्ज समोर दिसत असून सुद्धा लोक छोटी कर्जं आधी मिटवत होते. म्हणजे स्नोबॉलकडं माणसाचा कल तसाही असतोच, कुणी शिकवायला लागत नाही. पहिल्या अभ्यासावरून स्नोबॉलच बरा असा निष्कर्ष सरसकट काढतात पण ते जरा घाईचं आहे, कारण ते लोक आधीच अडचणीत येऊन योजनेत आलेले होते, पगार वेळेवर येणाऱ्या आणि हप्ता ऑटो डेबिटला लावलेल्या माणसाला तेच लागू होईल असं नाही.

मधला मार्ग मला जास्त पटतो आणि त्याची किंमत पण काढता येते. वरच्याच माणसाने फक्त पहिलं कर्ज स्नोबॉलने घ्यायचं, म्हणजे गाडी चौथ्या महिन्यात मिटवायची, आणि तिथून पुढं सगळं जास्तीचं कार्डावर, पतसंस्था शेवटी. असं केलं तर एकूण व्याज सुमारे ३८,९०० जातं. शुद्ध अ‍ॅव्हलांचपेक्षा साधारण ३,६०० जास्त, शुद्ध स्नोबॉलपेक्षा ९,३०० कमी. कार्ड तेराव्या महिन्यात संपतं आणि पंधराव्या महिन्यात पतसंस्थेची तीनेक हजारांची शेपटी उरते. चौथ्या महिन्यात एक कर्ज हातावेगळं झाल्याचा हुरूप ३,६०० रुपयांत मिळत असेल तर बऱ्याच जणांना तो सौदा परवडतो. नुकसान होतं ते दुसरं कर्ज निवडताना, गाडीनंतर पतसंस्था घेतली की बिल वाढतं.

दरांमधे फारसं अंतर नसेल तर मात्र ही सगळी चर्चा फुकट. ठोकताळा सोपा आहे, दोन दरांतला फरक गुणिले रक्कम गुणिले जेवढा काळ ते कर्ज मागं ठेवलं. ५०,००० चं कर्ज १५ टक्क्याचं आणि दुसरं १२ टक्क्याचं, एक वर्ष चुकीच्या क्रमाने गेलं तर दीड हजाराचा प्रश्न आहे, तिथं खुशाल छोटं आधी फेडावं. बँकेने कार्डाची बाकी ईएमआयमधे करून दिली तरी दर बराच खाली येतो आणि मग दोन्ही पद्धती जवळ येतात.

पण दर नेमका कळला पाहिजे, आणि आपल्याकडं इथंच घोळ होतो. काही ठिकाणी फ्लॅट रेट सांगतात. ९ टक्के फ्लॅट, तीन वर्षं, ऐकायला स्वस्त वाटतं पण व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर लावलेलं असतं, घटत्या बाकीवर धरलं तर ते १६ टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे १५ टक्के घटत्या दराच्या पतसंस्थेपेक्षा महाग. खाजगी देण्यात "तीन टक्क्याने घेतलंय" म्हणतात ते बहुतेक महिन्याचं असतं, वर्षाचे ३६ झाले. यादी करताना सगळे दर वर्षाचे आणि घटत्या बाकीवरचे करून घेतल्याशिवाय अ‍ॅव्हलांचचा नंबर लावायला जाऊ नये.

दुसरी अडचण मुदतीआधी भरण्याची. दुचाकीच्या कर्जात बरेच फायनान्सवाले मधेच थोडी रक्कम घेत नाहीत, घेतलीच तर पुढचा हप्ता आगाऊ म्हणून जमा करतात, मुद्दलातून वजा करत नाहीत, मग व्याज काही कमी होत नाही. तिथं जास्तीचे पैसे बाजूला साठवून एकदम खातं बंद करणं बरं, त्याआधी फोरक्लोजरचा आकार आणि त्यावरचा जीएसटी किती लागतो ते लेखी विचारून घ्यावं. कधीकधी तो आकारच वाचणाऱ्या व्याजापेक्षा जास्त निघतो, विशेषतः हप्ते थोडेच राहिले असतील तेव्हा. कार्डाला हा त्रास नाही, कधीही कितीही भरा.

पतसंस्थेच्या कर्जात आणखी एक गोष्ट असते जी दरात दिसत नाही, जामीनदार. मेव्हणा किंवा शेजारचे काका जामीन राहिलेले असले आणि दोन हप्ते थकले की नोटीस त्यांच्या पण दारात जाते. त्यामुळं १५ टक्क्याचं कर्ज ४२ टक्क्याच्या कार्डाच्या आधी फेडणारी माणसं हिशोबात कच्ची असतात असं नाही, त्यांनी नात्याचं व्याज धरलेलं असतं. फक्त हे ठरवून करावं. जामीनदाराची भीती असेल तर त्या कर्जाचा हप्ता न चुकवणं पुरतं, जास्तीचे पैसे तिथं टाकायची गरज नाही.

करवीर, कागल, राधानगरीकडं ज्यांची थोडी शेती किंवा दोन म्हशी आहेत त्यांचं उत्पन्न महिन्याच्या हप्त्यासारखं येत नाही, ऊसबिल एकदम येतं, दूध संघाचा फरक दिवाळीआधी येतो. अशी एकरकमी रक्कम आली की पद्धत कुठलीही असो, ती महागड्या कर्जावर टाकलेली बरी, कारण हुरूप यायला रक्कम मोठी आहेच. वरच्या उदाहरणात २०,००० कार्डावर टाकले तर पुढच्याच महिन्यात ८२६ रुपये व्याज वाचतं, गाडीवर टाकले तर २००.

कर्ज संपलं तरी कागद होईपर्यंत खातं बंद धरू नये. गाडीला फायनान्सचं एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवून घ्यायचा, पतसंस्थेकडून बेबाकीचा दाखला घ्यायचा आणि तारण दिलेले कोरे चेक परत मागायचे. कार्डाची पूर्ण बाकी भरून कार्डच बंद केलं असेल तर क्रेडिट रिपोर्टात "क्लोज्ड" आलं पाहिजे, तडजोड करून थोडक्यात मिटवलं असेल तर "सेटल्ड" येतं आणि पुढं घराचं कर्ज मागायला गेल्यावर बँक नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवते.