एका नटावर किती भार?

वह्या अजून उघडू नका. आधी माझ्या हातातली ही सळई बघा. खालच्या टोकाला एक नट आहे, त्यावर एक फळी टेकली आहे. मध्यावर आणखी एक नट, त्यावर दुसरी फळी. सळई मात्र एकच, वरपासून खालपर्यंत सलग. दोन्ही फळ्यांवर सारखंच वजन आहे, त्याला P म्हणू. आता सांगा, मधल्या नटावर किती भार आहे?

दरवर्षी वर्गातून पहिलं उत्तर येतं ते 2P. खालची फळीही त्याच सळईला लटकली आहे ना! सळईला लटकली आहे, हे खरं. पण तिचा भार खालच्या नटातून सळईत शिरतो आणि सळईतूनच थेट वर जातो. मधल्या नटाला त्याची खबरही लागत नाही. त्याच्यावर फक्त वरच्या फळीचा भार, म्हणजे P. छताशी, सळईच्या वरच्या टोकाला, 2P.

आता मी एक छोटा बदल करतो. सलग सळईऐवजी दोन सळया घेतो. पहिली छतापासून वरच्या फळीपर्यंत. दुसरी तिच्या शेजारी, वरच्या फळीत भोक पाडून तिथून खाली सोडलेली, आणि खालची फळी हिच्यावर. छताला विचाराल तर काहीच बदललेलं नाही, आधीही 2P आणि आताही 2P. पण खालची फळी आता वरच्या फळीला लटकली आहे. तिचा भार आधी वरच्या फळीत जातो आणि पहिल्या सळईच्या टोकाला जो नट आहे, त्या एकट्याला दोन्ही फळ्या पेलाव्या लागतात. P चे 2P झाले.

हाच बदल अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये हयात रीजन्सी हॉटेल बांधताना झाला होता. हॉटेलच्या उंच दालनात छतापासून टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्यावरच्या पुलाच्या बरोब्बर खाली दुसऱ्या मजल्यावरचा पूल, आणि तिसऱ्या मजल्यावरचा बाजूला, स्वतंत्र टांगलेला. मूळ आराखड्यात चौथा आणि दुसरा एकाच सलग सळईवर होते. पण चौथ्या मजल्याचा नट वर चढवायचा तर खालपासून तिथपर्यंत सळईवर आटे पाडावे लागणार, आणि पूल उचलताना ते आटे खराब होण्याची भीती. म्हणून एका सळईच्या दोन सळया झाल्या. करायला सोपं, दिसायला तेच. त्या जोडाचा हिशेब मात्र नव्याने कोणी केला नाही.

17 जुलै 1981 च्या संध्याकाळी दालनात नृत्याचा कार्यक्रम होता. पुलांवर माणसं उभी होती, खालीही गर्दी होती. चौथ्या मजल्याचा पूल सुटला, दुसऱ्यावर आदळला आणि दोन्ही खालच्या गर्दीवर कोसळले. 114 माणसं गेली.

सळया तुटल्या नव्हत्या. त्या नंतरही छताला तशाच लोंबत होत्या. पुलाखालची आडवी तुळई दोन चॅनेल, म्हणजे इंग्रजी C सारख्या छेदाच्या पोलादी पट्ट्या, समोरासमोर ठेवून, कडा वेल्ड करून, पेटीसारखी बनवलेली होती, आणि सळईचं भोक नेमकं त्या वेल्डमधून पाडलेलं. नटाने खालून रेटा दिला तशा चॅनेलच्या कडा वाकत गेल्या, वेल्ड उकललं आणि नट वॉशरसकट पेटीतून आरपार निघून आला. एक जोड गेल्यावर त्याचा भार शेजारच्यांवर पडला आणि तेही टिकले नाहीत.

सगळा दोष त्या बदलाच्या माथी मारून मोकळं होऊ नका. चौकशीत निघालं की मूळ आराखड्यातला जोडसुद्धा नियमानुसार लागणाऱ्या ताकदीच्या सुमारे 60 टक्केच होता. बदलानंतर तो साधारण 30 टक्क्यांवर आला. त्या संध्याकाळच्या गर्दीला मूळचा, कमकुवत जोडही बहुधा पुरला असता. मला अस्वस्थ करतो तो मात्र तिसऱ्या मजल्याचा पूल. तो पडला नाही, त्याच्या नटांवर दुसऱ्या कुठल्या पुलाचा भारही नव्हता. तरी नंतर पाहिलं तर त्याच्याही पेटी-तुळईच्या कडा नटापाशी वाकलेल्या होत्या. सजावटीच्या आवरणाखाली झाकलेल्या, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसणं शक्य नव्हतं.

या हिशेबाला कॅल्क्युलस लागत नाही. लागतं ते एवढंच, की अख्खा पूल डोळ्यांसमोरून बाजूला करायचा, एकटा नट कागदावर काढायचा आणि त्याला कोण कुठून ढकलतंय किंवा ओढतंय ते बाणांनी दाखवायचं. याला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. पूर्ण पुलाचं चित्र काढलंत तर दोन्ही आराखडे सारखेच दिसतील, कारण एकूण भार सारखाच आहे. नट वेगळा काढलात तरच फरक सापडतो.

आता वह्या उघडा. समजा एकाखाली एक असे तीन पूल आहेत, आणि प्रत्येक पूल त्याच्या वरच्याला टांगलेला आहे. सर्वांत वरच्या पुलाचा नट काढा. फक्त नट, पूल नको. बाण दाखवा. पाच मिनिटं देतो.