केक दडदडीत आणि वरून पांढुरका का होतो?

भाचीने केकच्या कापलेल्या तुकड्याचा फोटो पाठवला. जाळी जवळपास नाही, तळाशी चिकट ओलसर पट्टा आणि वरचा भाग कच्च्या पोळीसारखा पांढुरका. घरच्यांचं निदान ठरलेलं होतं: अंडं नाही, मग असाच होणार. हा समज चुकीचा आहे. सोडा आणि दही यांच्या जोरावर बिनअंड्याचा केक उत्तम फुगतो.

फोटोतल्या दोन खुणा एकत्र वाचायला हव्यात. नुसता सोडा कमी पडला असता तर केक बसका झाला असता, पण वरून तपकिरी. ओव्हनचा नुसता वरचा रॉड बंद असता तर वरून फिका राहिला असता, पण आत जाळी पडली असती. दोन्ही एकदम दिसतात तेव्हा पहिला संशय कमी उष्णतेवर घ्यावा. दही फार आंबट किंवा जास्त असेल तरी रंग फिका राहतो, पण मग चवीत आंबटपणा लागतो. इथे तो नव्हता.

आता खरी गंमत. दही आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड लगेच सुटू लागतो. पुढे उष्णतेने बुडबुडे फुगतात, पण त्यांना धरून ठेवणाऱ्या भिंती अजून पातळच असतात. मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगला की भिंती घट्ट होतात. नुसत्या पाण्यात हे साधारण ६० अंशांना सुरू होतं, पण साखर पाणी अडवून धरते, म्हणून केकच्या मिश्रणात ८० अंशांच्या पुढे जावं लागतं. ओव्हन थंड असेल तर तिथवर पोचायला वेळ लागतो. तोवर बुडबुडे एकमेकांत मिसळून वर येतात आणि फुटतात. भिंती घट्ट होतात तेव्हा आत वायू फारसा उरलेलाच नसतो.

रंगाचं कारणही तेच. खरपूस तपकिरी रंग मुख्यतः मेयार अभिक्रियेतून येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी ती १९१२ मध्ये मांडली. अमिनो आम्लं आणि दुधातल्या लॅक्टोजसारख्या साखरा यांच्यात ती घडते आणि १४० अंशांच्या आसपास वेग घेते. पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचं तापमान शंभरीच्या फार पुढे जात नाही. मंद आचेवर तो वाळायलाच उशीर लागतो.

‘केमिकल नको’ म्हणून सोडा वगळण्याचा सल्लाही हल्ली फिरतो. साखर आणि मीठही रसायनंच आहेत. मोजून घातलेल्या सोड्याला घाबरण्याचं कारण नाही.

भाचीच्या ओव्हनची कळ १८० वर होती, पण आतलं तापमान कळीवर अवलंबून राहून कळत नाही. ओव्हनचा थर्मामीटर नसेल तर फॉइलवर चमचाभर साखर ठेवून १९० वर गरम झालेल्या ओव्हनमध्ये १५ मिनिटं ठेवावी. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. ती कोरडीच राहिली तर ओव्हन आकड्यापेक्षा थंड आहे. भाचीची साखर कोरडीच राहिली. आता ती कळ २०० वर ठेवून तीच परीक्षा पुन्हा घेणार आहे.