रेशमी आणि लोकरी कपड्यांची कसर (गोव्याच्या पावसाळ्यात)

कसर म्हणजे कपडे खाणारे किडे, पण या एका नावाखाली दोन वेगळे प्राणी येतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. पहिला पतंग, त्याचं फुलपाखरासारखं रूप काहीच खात नाही, खाते ती त्याची अळी, तिला लोकरीतलं केराटिन पचतं, रेशीमही ती खाते, विशेषतः घाम किंवा तेलातुपाचे डाग लागलेलं. दुसरा चंदेरी, बिनपंखी, सरपटत पळणारा किडा, त्याला मुख्यतः पिष्ट लागतं म्हणजे कपड्याची खळ, पुस्तकाचा डिंक वगैरे.

ओळखायचं कसं? अळीने खाल्लं तर आरपार भोक पडतं, आसपास जाळीदार धागे आणि कपड्याच्याच रंगाचे बारीक दाणे (ती विष्ठा) सापडतात. चंदेरी किडा वरवर खरवडतो, त्यामुळे कापड जागोजागी विरळ होतं, कडा वेड्यावाकड्या. गोव्यात बाथरूमच्या भिंतीवर जी करडी चपटी पिशवी लटकलेली दिसते ना, तीही एका पतंगाच्या अळीचीच, ती कोळ्याची जुनी जाळी खाते पण लोकरही सोडत नाही, म्हणून झाडताना ती काढावीच.

आता सोवळ्याचं बघा. पूजेत रेशमी पितांबर नेसतात, घाम येतो, नैवेद्याचं तूप सांडतं आणि मग ते न धुता घडी करून पेटाऱ्यात जातं. जूनपासून हवा दमट, चंदेरी किड्याला हेच हवं असतं, आणि डागांवर पतंगाची अळी येते. चवथीला पेटारा उघडला की घडीच्या कडेवर भोकं. यात दोष पावसाचा कमी आणि डागांचा जास्त, म्हणून मे महिन्यातच ते साफ करून (जरीचं असेल तर ड्रायक्लीन), सावलीत वारा देऊन, बिनखळीच्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळायचं. खळ केलेलं धोतर गुंडाळायला वापरलं तर किड्याला जेवणाचं आमंत्रणच. उन्हात तासन्तास टाकू नका, रेशमाचा रंग उडतो.

कसर लागलीच असेल तर डीप फ्रीझर. कपडा कोरडा हवा, पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करायचा आणि उणे १८ अंशाला किमान दोन आठवडे ठेवायचा, अंडी अळ्या सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक पूर्ण दिवस तशीच राहू द्यायची, नाहीतर आपल्या दमट हवेचं पाणी थेट रेशमावर जमतं. फ्रिजचा बर्फाचा कप्पा पुरेसा थंड असतोच असं नाही, आत थर्मामीटर ठेवून बघा. आणि भोकं यानं भरत नाहीत, ते काम रफूवाल्याचं.

डांबराच्या गोळ्यांवर फार विसंबू नका. त्यांची वाफ घट्ट बंद पेटीत साठली तरच किडे मरतात, लाकडी कपाटाच्या फटींतून ती निघून जाते, वास मात्र घरभर. शिवाय ती आरोग्याला वाईट, लहान मुलांच्या कपड्यांत तर नकोच. कडुनिंबाचा पालाही अळी मारत नाही, ओलसर राहिला तर रेशमाला डाग मात्र पडतात.