आधी परिच्छेद, मग अक्षर: स्तर पाहून गट करण्याच्या पद्धतीची पार्श्वभूमी

शिकवायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक मुलाला बाजूला बसवायचं, त्याच्याकडून चार ओळी वाचून घ्यायच्या, एखादी वजाबाकी करून घ्यायची, त्यावरून त्याचा स्तर ठरवायचा आणि इयत्ता बाजूला ठेवून स्तरानुसार गट करायचे. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना ही पद्धत आता ओळखीची आहे. ‘अध्ययन स्तर निश्चिती’ म्हटलं की काय करायचं हे बहुतेकांना माहीत असतं. मात्र ही चाचणी इतकी छोटी का ठेवली आणि तिच्यापाठोपाठ गट न केल्यास ती वाया का जाते, हे तिच्या इतिहासात शिरल्याशिवाय नीट कळत नाही. हा इतिहास बऱ्याच अंशी मुंबईत सुरू होतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मुंबई महापालिका आणि युनिसेफ यांच्या सहभागातून ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे ही तिच्या सुरुवातीच्या काळातली प्रमुख नावं. वस्त्यांमधल्या बालवाड्यांपाठोपाठ संस्थेने ‘बालसखी’ हा कार्यक्रम हाती घेतला. वस्तीतलीच थोडीफार शिकलेली तरुण मुलगी महापालिकेच्या शाळेत यायची आणि तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं वर्गातून बाजूला काढून रोज साधारण दोन तास त्यांना शिकवायची. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदरा इथे अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कार्यक्रमाची शास्त्रशुद्ध पाहणी केली. मुलांचे गुण वाढले होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही वाढ मुख्यतः बालसखीकडे गेलेल्या मुलांमध्ये दिसली. मागे उरलेल्यांचा वर्ग लहान झाला होता, तरी त्यांना त्याचा फारसा फायदा झाला नाही. म्हणजे पटसंख्या कमी होण्यापेक्षा मूल जिथे अडलंय तिथून शिकवणं जास्त उपयोगी पडलं होतं.

पण मूल कुठे अडलंय हे ठरवायचं कशाने? शाळेची परीक्षा इथे कामाची नव्हती. चौथीच्या भाषेच्या पेपरात शंभरपैकी अठरा गुण मिळाले, एवढ्यावरून त्या मुलाला अक्षरं येत नाहीत, की अक्षरं येतात पण काना-मात्रा लागत नाहीत, की वाचता येतं पण लिहिता येत नाही, हे कळत नाही. लेखी परीक्षा वाचता येणाऱ्यांसाठीच असते. वाचता न येणारं मूल कोरा कागद देतं, आणि कोऱ्या कागदावरून काहीच समजत नाही. म्हणून ‘प्रथम’च्या वाचनवर्गांच्या कामातून एक तोंडी चाचणी घडत गेली. एका पानावर अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. 2005 पासून ‘असर’ या देशव्यापी पाहणीत हेच पान घरोघरी नेलं जाऊ लागलं. त्यामुळे सरकार आणि वर्तमानपत्रांना आकडे मिळाले. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र ते पान वेगळ्या कारणासाठी मोलाचं होतं.

ती चाचणी कशी घेतात ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. सुरुवात अक्षरांपासून होत नाही, परिच्छेदापासून होते. मुलाने परिच्छेद सलग, वाक्य म्हणून वाचला आणि तीनपेक्षा जास्त चुका केल्या नाहीत, तर त्याला गोष्ट द्यायची. तिथे तो अडखळला तर त्याचा स्तर परिच्छेद. परिच्छेदच जमला नाही तर खाली उतरून शब्द द्यायचे. पाचपैकी चार बरोबर आले तर स्तर शब्द. तेही नाही जमले तर अक्षरं, तिथेही पाचपैकी चार. अक्षरंही आली नाहीत तर प्रारंभिक स्तर. मधून सुरुवात केल्यामुळे दोन किंवा फार तर तीन टप्प्यांत मुलाची जागा सापडते. वाचता येणाऱ्या मुलीला ‘क’ ओळखायला लावून तिचा वेळही वाया जात नाही.

गणितातही हाच मार्ग आहे. आधी हातच्याच्या दोन वजाबाक्या. दोन्ही बरोबर आल्या तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला द्यायचं. नाही आल्या तर दोन अंकी संख्या ओळखता येतात का ते पाहायचं, आणि मग एक अंकी. समजा, 52 − 38 करताना मुलाने 26 उत्तर काढलं. तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. त्याला वजाबाकीची क्रिया माहीत आहे, पण पन्नासमधला एक दशक सुटा करता येतो हे माहीत नाही. नोंद करताना त्याचा स्तर संख्याज्ञानाचाच धरला जाईल, पण शिकवताना सुरुवात दशकाच्या गठ्ठ्यापासून करायची हे त्या एका उत्तराने सांगितलेलं असतं. चांगला शिक्षक म्हणूनच तक्त्यातल्या खुणेशेजारी चूक जशीच्या तशी लिहून ठेवतो.

आता हे एका शाळेत कसं बसतं ते पाहू. समजा तिसरी ते पाचवीची मिळून 60 मुलं आणि तीन शिक्षक आहेत. एका मुलाला पाच मिनिटं धरली तर प्रत्येक शिक्षकाला पावणेदोन तासांत आपली वीस मुलं तपासता येतात, म्हणजे एका सकाळचं काम. निकाल समजा असा आला: प्रारंभिक 5, अक्षर 14, शब्द 17, परिच्छेद 13, गोष्ट 11. पाच गट करून चालणार नाही, कारण शिक्षक तीन आहेत. म्हणून प्रारंभिक आणि अक्षर मिळून 19 जणांचा एक गट, शब्दवाल्या 17 जणांचा दुसरा, परिच्छेद आणि गोष्ट मिळून 24 जणांचा तिसरा. दिवसातला तासभर मुलं आपापली इयत्ता सोडून या गटांत बसतात. पहिल्या गटात बाराखडीचा तक्ता, अक्षरकार्डं आणि बोलणं. दुसऱ्या गटात शब्दांपासून वाक्यं आणि रोज एक छोटा परिच्छेद मोठ्याने वाचणं. तिसऱ्या गटात गोष्ट वाचून आपल्या शब्दांत सांगणं आणि लिहिणं. सर्वांत मोठा गट तिसरा असला तरी चालतं, कारण ही मुलं जोडीने काम करू शकतात. सर्वांत अनुभवी शिक्षक मात्र पहिल्या गटाला द्यावा. प्रत्यक्षात याच्या उलट होतं, आणि मग पहिला गट महिनाभर तिथेच राहतो.

चाचणी आणि गट यांचं नातं खरं कळलं ते सरकारी शाळांत हे राबवण्याच्या प्रयत्नांतून. 2008 मध्ये बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनीच महिनाभराची उन्हाळी शिबिरं घेतली आणि मुलांचं वाचन सुधारलं. पण वर्ष सुरू झाल्यावर केवळ प्रशिक्षण आणि साहित्य देऊन हीच पद्धत वर्गात आणायचा प्रयत्न झाला, तेव्हा फारसं काही घडलं नाही. शिक्षक तेच होते. शिबिरात अभ्यासक्रम पुरा करायचं ओझं नव्हतं, म्हणून त्यांनी स्तरानुसार गट केले. वर्गात पाठ्यपुस्तक पुढे न्यायचं होतं, म्हणून साहित्य वापरलं तेही सगळ्यांना एकत्र बसवून.

हरियाणात हे आणखी ठळक दिसलं. तिथे कुरुक्षेत्र आणि महेंद्रगड जिल्ह्यांतल्या शाळांत दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या गेल्या. काही शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, म्हणजे शिक्षकांनी मुलांची वर्षभर बारीक नोंद ठेवायची. काही शाळांत तिसरी ते पाचवीसाठी रोज एक तास ठरवून दिला, स्तराप्रमाणे गट केले आणि त्या तासाला दुसरं काही करायचं नाही असा नियम घातला. प्रत्यक्ष शाळेत जाऊन हे पाहणारे पर्यवेक्षकही आधी स्वतः मुलांना शिकवून आले होते. गट करणाऱ्या शाळांत हिंदी वाचन सुधारलं. नुसत्या मूल्यमापनाच्या शाळांत काहीच फरक पडला नाही. मला या सगळ्या इतिहासातला हाच निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. मुलाची नोंद कितीही बारकाईने ठेवली, तरी दुसऱ्या दिवशीचा तास तसाच राहिला तर मुलाला त्या नोंदीचा उपयोग नाही.

पुढे 2013-14 मध्ये उत्तर प्रदेशात ‘प्रथम’च्या कार्यकर्त्यांनी शाळेतच दहा ते वीस दिवसांची शिबिरं टप्प्याटप्प्याने घेतली, एकूण साधारण पन्नास दिवस. शेवटी परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचं प्रमाण इतर शाळांच्या जवळपास दुप्पट होतं. टप्पे पाडल्याने आणखी एक गोष्ट सोपी झाली. प्रत्येक टप्प्यात तीच पाच मिनिटांची चाचणी पुन्हा घेऊन मुलांना वरच्या गटात सरकवता आलं.

आपल्याकडच्या ‘तुकड्यां’पेक्षा ही पद्धत वेगळी आहे ती इथेच. ‘अ’ तुकडी आणि ‘ड’ तुकडी गुणांवर ठरतात, वर्षभर टिकतात आणि सगळ्या विषयांना लागू होतात. ‘ड’मध्ये पडलेला मुलगा स्वतःला ‘ड’च समजू लागतो. स्तराचा गट एका विषयापुरता आणि एका तासापुरता असतो, आणि तो बदलत राहतो. वाचनात अक्षर गटात बसलेली मुलगी गणितात भागाकाराच्या गटात असू शकते. महिना उलटला तरी गटांच्या यादीत एकही नाव हललं नसेल, तर तिथे तुकड्याच तयार झाल्या आहेत असं समजावं.

महाराष्ट्रात 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने पायाभूत चाचणी राज्यभर नेली. पुढे ‘निपुण भारत’ अभियानाच्या काळात वाचन आणि गणनाचे स्तर पुन्हा मध्यभागी आले. या प्रवासात एक धोका सतत राहिला आहे. चाचणीचा निकाल वर पाठवायचा असला की त्यावरून शाळेचं मूल्यमापन होणार ही भीती येते, आणि शब्दावर अडलेलं मूल तक्त्यात परिच्छेदावर जाऊन बसतं. तपासणाऱ्याने पहिलं अक्षर सुचवणं, सगळ्यांसमोर चाचणी घेतल्यामुळे मागच्या मुलांनी ऐकून पाठ करणं, पाठ्यपुस्तकातलाच उतारा देणं, हे सगळं त्यातूनच येतं. उतारे नवे आणि एकापेक्षा जास्त नमुन्यांत ठेवण्याचं कारण हेच. संशय आला तर त्या मुलाला त्याच पातळीचा दुसरा नमुना द्यावा. पाठ केलेलं वाचन तिथे लगेच उघडं पडतं.

या चाचणीची मर्यादाही स्पष्ट आहे. वाचनात ती दुसरीच्या पातळीवर थांबते, गणितात भागाकारावर. गोष्ट वाचणाऱ्या सहावीच्या मुलीला अपूर्णांक कितपत कळतात हे ती सांगत नाही. तिथे शिक्षकाला त्या पाठापुरते प्रश्न स्वतः काढावे लागतात. भिन्न छेदांच्या बेरजेआधी तीन प्रश्न पुरतात: 1/3 मोठा की 1/4? 2/3 = ?/6. आणि 1/2 + 1/3 किती? पहिल्यातच 1/4 मोठा म्हणणाऱ्यांना कागदाच्या पट्ट्यांपासून सुरुवात हवी. पहिला बरोबर आणि दुसरा चुकलेल्यांना सममूल्य अपूर्णांक. दोन्ही बरोबर आणून तिसऱ्याचं उत्तर 2/5 लिहिणाऱ्यांसाठीच आजचा पाठ आहे. आणि ज्यांनी 5/6 लिहिलं त्यांना तो तास पुन्हा ऐकायला न बसवता पुढची शाब्दिक उदाहरणं द्यावीत. उत्तरं मुलांकडून पाटीवर लिहून घेतली आणि सगळ्यांनी एकदमच वर धरली, तर गट पाच मिनिटांत ठरतात आणि कोणाला कोणाचं बघून लिहिता येत नाही.