भुलीखाली असलेल्या पेशंटवरचे शिक्षण: पार्श्वभूमी

गर्भाशयाची तपासणी शिकणे अवघड असते. दोन बोटे योनीमार्गात आणि दुसरा हात ओटीपोटावर ठेवून, मधे सापडलेल्या गर्भाशयाचा आकार आणि कल ओळखायचा. जागी बाई घाबरून पोट आवळते, मग हाताला काहीच लागत नाही. भूल दिल्यावर पोटाचे स्नायू सैल पडतात. शस्त्रक्रियेआधी सर्जन स्वतः अशी तपासणी करतात, ती उपचाराचाच भाग असते. वाद पुढचा आहे: सर्जनचा हात निघाल्यावर "तुम्हीही बघून घ्या" म्हणत एकामागून एक विद्यार्थी तपासत, आणि त्या बाईला हे कधी कळतही नसे.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलची चौकशी न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांनी केली. मुख्य विषय गर्भाशयमुखाच्या पूर्वकर्करोगावर न केलेल्या उपचारांचा होता, पण १९८८च्या अहवालात ही प्रथाही उघडी पडली. तिथे १९९६ साली रुग्णहक्कांची संहिता लागू झाली आणि हे हक्क शिक्षणात भाग घेतानाही लागू राहतात, असे तीत स्पष्ट लिहिले गेले.

अमेरिकेत मात्र ही प्रथा चालूच राहिली. फिलाडेल्फियातल्या पाच मेडिकल कॉलेजांच्या विद्यार्थ्यांची पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. सुमारे ९० टक्के विद्यार्थ्यांनी भुलीखालच्या स्त्रियांची अशी तपासणी केली होती. मला त्याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष दुसरा वाटतो: ज्यांचे स्त्रीरोग विभागातले प्रशिक्षण झाले होते, त्यांना आधी विचारणे कमी महत्त्वाचे वाटत होते. वॉर्डात नेमके हेच शिकवले जात होते, फक्त अभ्यासक्रमात लिहिलेले नव्हते.

बचाव ठरलेला असे: संमतीपत्रात 'हे शिक्षण रुग्णालय आहे' असे छापलेले आहेच. आणि विचारले तर कोणी हो म्हणणार नाही. दुसरी भीती फारशी खरी नाही. कॅनडात स्त्रियांनाच विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींनी परवानगी देऊ असे सांगितले. विचारले मात्र जावे, अशी बहुतेकींची अपेक्षा होती.

पर्यायही जुना आहे. आयोवा विद्यापीठात रॉबर्ट क्रेचमार यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस प्रशिक्षित स्त्रियांना मानधनावर बोलावायला सुरुवात केली. पुढे अशा स्त्रिया स्वतःच्या शरीरावर तपासणी शिकवू लागल्या: "इथे दाब जास्त झाला" हे भुलीखालची बाई सांगू शकत नाही. मर्यादा अशी, की निरोगी शरीरावर गाठ हाताला लागत नाही. त्यासाठी शेवटी पेशंटच लागतो.

कॅलिफोर्नियाने २००३ साली कायदा केला, मग एकेक राज्य पुढे आले. एप्रिल २०२४मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य खात्याने रुग्णालयांना स्पष्ट केले, की भुलीखाली विद्यार्थ्यांकडून होणाऱ्या अशा नाजूक तपासण्यांसाठी पेशंटची माहितीपूर्ण संमती घ्यावीच लागेल. ती संमती कधी घ्यायची, यावरही बरेच अवलंबून असते. ऑपरेशन थिएटरच्या दारात, झोपेचे इंजेक्शन दिल्यावर पुढे केलेल्या कागदावरच्या सहीला अर्थ नाही. आदल्या दिवशी, बाई अंगावरच्या कपड्यांत खुर्चीवर बसलेली असताना, विद्यार्थ्याने स्वतःचे नाव सांगून विचारायचे, आणि ती नाही म्हणाली तर तिच्या उपचारात काही फरक पडणार नाही हेही सांगायचे.